कसरखात्यातले आबा

धुळ्यात सरकी ढेप आणि पशुखाद्याच्या एका ठोक दुकानात मी गेली अकरा वर्षं हिशेब लिहिते. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या तापटपणाला तोंड लपवायला जागा उरली नाही. चुकीची बेरीज दिसली की मला ती करणाऱ्याचा राग येतो. या खेपेला तो करणारीवर काढायची वेळ आली.

मोठे शेठ दुकान चालवायचे तेव्हा बँकेचा जमाखर्च मी डोळ्यांनी मिळवायचे. बँकेचं खातेपत्रक डावीकडे, आमची वही उजवीकडे, हातात लाल पेन. महिन्याची बेरीज दहा-वीस रुपयांच्या फरकाने जुळली की चहा मागवायचा. मग छोटे शेठ जळगावला शिकून परत आले आणि त्यांनी संगणकात एक नवी प्रणाली आणली. ती बँकेची पीडीएफ वाचते, तिच्यातली एकेक ओळ उचलते आणि आमच्या वहीतल्या नोंदीशी तिची जोडी लावते. स्थळं जमवणाऱ्या मावशीसारखी. उंची दोन बोटं कमी असली तरी चालेल, म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

सुरुवातीला तिने माझी चांगलीच करमणूक केली. लांबलचक तपशील दोन ओळींत मोडला की ती दुसऱ्या ओळीलाही वेगळा व्यवहार समजायची. पाच एप्रिलचा भरणा तिने चार मे ला नेऊन ठेवला, कारण ०५/०४ मधला दिवस कोणता आणि महिना कोणता हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. एरंडोलच्या डेअरीचा चेक आम्ही अठ्ठावीसला लिहिला आणि बँकेत तो दोन तारखेला जमा झाला, तर चेक नंबर आणि रक्कम पाहून जोडी लाव, हेही सांगितलं. शिकवलं तसं शिकत गेली बिचारी.

रकमांचं मात्र अवघड होतं. आमच्याकडे बिल चोवीस हजार तीनशे बाराचं असलं तरी गिऱ्हाईक फोनवरून चोवीस हजार तीनशे पाठवतो आणि वर म्हणतो, बारा रुपये काय मागता. हे बारा रुपये आम्ही कसरखात्यात, म्हणजे सोडून दिलेल्या किरकोळ फरकांच्या खात्यात टाकतो. असे रोज दहा जण. म्हणून मी प्रणालीला नियम घालून दिला: तारखेत पाच दिवसांपर्यंत फरक असेल आणि बँकेत वहीपेक्षा शंभर रुपयांपर्यंत कमी आले असतील, तर जोडी लाव आणि फरक कसरला टाक. बँकेत जास्त आले असतील तर मात्र हात लावू नको, बाजूला ठेव, मी बघीन. उगाच जास्त पैसे कोणी देत नाही, हा माझा अनुभव. नियम करून मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

जानेवारीत बँकेने कर्जमर्यादेच्या नूतनीकरणासाठी एप्रिलपासूनचा मिळवलेला हिशेब मागितला. प्रणालीने तो सकाळच्या चहाच्या आत करून दिला. छोटे शेठ माझ्या खुर्चीमागे उभे राहून कसरखातं नावानिशी बघत होते. एका नावापुढे त्यांचं बोट थांबलं. तीन हजार एकशे चाळीस रुपये. सगळे आबांच्या भरण्यांमधले.

आबा म्हणजे आमचे वसुलीचे आबा. साक्री, पिंपळनेर, दोंडाईचा या बाजूला मोटारसायकलवर फिरून छोट्या दूधवाल्यांकडून रोख गोळा करायची, पावती फाडायची, धुळ्यात येऊन बँकेच्या मशीनमध्ये पैसे भरायचे, असं काम ते बावीस वर्षं करत होते. मशीन नसताना खिडकीवर भरायचे, एवढाच फरक.

"पावतीपुस्तकात अठरा हजार चारशे बासष्ट, बँकेत अठरा हजार चारशे," छोटे शेठ म्हणाले. "बासष्ट कुठे गेले? आणि हे एकदा नाही, दर दोन दिवसांनी आहे."

मी काय करायला हवं होतं? थांबा म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी पडद्याकडे बघितलं, बेरीज पाहिली आणि आबांचा मला राग आला. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

दुपारी आबा आले तेव्हा छोट्या शेठनी त्यांना सरळ विचारलं. आबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग गळ्यातली कातडी पिशवी न काढताच, फक्त पावतीपुस्तक आणि बँकेची स्लिप माझ्या टेबलावर ठेवली.

"बावीस वरीस झायात," ते म्हणाले. "माले चोर कोनी म्हनं नही. आते मी जास." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मोठे शेठ राजस्थानात लग्नाला गेलेले. परत येऊन त्यांना हे कळलं असतं तर दुकानात काय झालं असतं त्याचा विचार छोट्या शेठनी केला असावा, कारण ते जरा नरमले आणि म्हणाले, "ताई, एकदा हातानेच बघून घ्या." मी लाल पेन काढलं.

कसरखातं मी पाहिलंच होतं. आता पहिल्यांदा मी प्रणालीने बाजूला ठेवलेला ढीग उघडला. बँकेत वहीपेक्षा जास्त आलेल्या ओळी. त्यात पान उलटावं तिथे आबा.

एक आठवडा समोर घेतला. सोमवारी पावत्या १८,४६२, भरले १८,४००. बासष्ट कमी. मंगळवारी पावत्या २१,३५५, भरले २१,४००. पंचेचाळीस जास्त! बुधवारी १६,९७१ च्या पावत्या, १६,९०० भरले, एकाहत्तर कमी. गुरुवारी १९,२३० च्या, भरले १९,३००, सत्तर जास्त. कमी एकशे तेहतीस, जास्त एकशे पंधरा, उरले अठरा. प्रत्येक भरणा शेवटी दोन शून्यांचा. मी पेन खाली ठेवलं.

मशीन शंभरच्या खालची नोट घेत नाही आणि नाणी तर नाहीच. आबा दहा-वीसच्या नोटा चहाच्या टपरीवर देऊन शंभराच्या करून घ्यायचे आणि तरी शंभराच्या आतलं जे उरेल ते पिशवीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशीच्या पैशांत ते मिसळायचे. सोमवारचे बासष्ट मंगळवारी बँकेत पोहोचत होते. माझ्या नियमाने कमीचे दिवस आबांच्या नावावर कसरला टाकले आणि जास्तीचे दिवस ढिगात लोटले.

पण खरी चूक त्या नियमाचीही नव्हती. रोख आली की ती आधी रोकडवहीत जमा करायची आणि बँकेत जेवढी भरली तेवढीच तिथून बँकेकडे न्यायची, हे शाळकरी ज्ञान आहे. तसं लिहिलं असतं तर पिशवीतले अठरा रुपये रोकडवहीत शिल्लक म्हणून दिसले असते आणि बँकेची प्रत्येक ओळ पैन्‌पै जुळली असती. मी मात्र मशीन आल्यापासून एक पायरी वाचवत होते. आबांचं पावतीपुस्तक आलं की दिवसाची सगळी बेरीज थेट बँकेत जमा. महिन्याची बेरीज जवळपास जुळायची, त्यामुळे कधी टोचलं नाही. एकतीस मार्चला आबा पिशवी गल्ल्यात रिकामी करायचे, तेव्हा उरलासुरला फरकही मिटायचा. माझा आळस माणसांच्या नजरेतून सुटत होता. यंत्राने तो पकडला आणि आबांच्या अंगावर टाकला.

मी उठून छोट्या शेठसमोर गेले. "चूक माझी आहे. आबांनी एक पैसा खाल्लेला नाही."

"कशावरून?"

एप्रिलपासूनच्या सगळ्या पावत्यांची बेरीज केली, सगळ्या भरण्यांची केली, एकातून दुसरी वजा केली. "यावरून," मी म्हटलं. "या घडीला त्यांच्या पिशवीत त्र्याहत्तर रुपये असले पाहिजेत. चला, बघू."

माझ्या स्कूटरवर मागे बसून छोटे शेठ पांझरा नदीपलीकडे देवपुरात आबांच्या घरी निघाले. त्यांना मागे बसायची सवय नव्हती, दर गतिरोधकाला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी एकही गतिरोधक हळू घेतला नाही.

आबा ओट्यावर बसलेले. मी वळणं न घेता सांगितलं की नोंदी मी चुकीच्या केल्या, त्यांचा संशय आला तेव्हा गप्प बसले, आणि माझं चुकलं. सांगताना रडू आलं, ते मी आवरलं नाही. घरातून लगोलग चहा आला. आबांनी गळ्यातली पिशवी काढून मधोमध उपडी केली.

छोट्या शेठनी मोजलं. पुन्हा मोजलं. पंचाहत्तर.

"दोन जास्तच आहेत," छोटे शेठ हसून म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. "टाका कसरला आणि संपवा, आबा."

आबांचा चेहरा चोरीचं ऐकतानाही इतका उतरला नव्हता. त्यांनी पिशवी झटकली, मी बरोबर आणलेलं पावतीपुस्तक मागून घेतलं आणि त्यातल्या कार्बन प्रती उलट्या चाळायला लागले. चहा निवला. एका पावतीवर ते थांबले.

"पिंपळनेरनी म्हतारी. तीन रुपया उरनात व्हतात, तिनी पाचनं नाणं दिन्हं. मन्हाकडे दोन सुटा नव्हतात." त्यांनी दोन रुपये वेगळे काढून रुमालाच्या टोकाला बांधले. "हाई कसर नही शे. त्या तिना शेतस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं कुलूप काढायच्या आधीच त्यांची मोटारसायकल साक्रीच्या रस्त्याला लागली होती, असं टपरीवाल्याने सांगितलं. दोन रुपयांसाठी पिंपळनेर, तेही स्वतःच्या पेट्रोलने. नोकरी सोडलेली असल्यामुळे आमचं पेट्रोल त्यांना चाललं नसतं.

दुपारी ते आत आले. म्हातारीने दोन रुपये घेतले होते आणि समोर आलेच आहेत तर मागची बाकीही हातावर ठेवली होती. तिथवर गेलोच म्हणून आणखी चार जणांकडे जाऊन आले होते. नवीन पावतीपुस्तक जवळ नव्हतं, म्हणून शाळेच्या वहीच्या पानावर सगळं लिहून आणलेलं. मी रोकडवही उघडली.

आबांनी पिशवी माझ्यापुढे नाही, छोट्या शेठपुढे ठेवली.

"आबा, राहू द्या," छोटे शेठ म्हणाले. "विश्वास आहे."

"इश्वास तं परवाबी व्हता," आबा म्हणाले. "मोजा."

छोट्या शेठनी बाह्या सारल्या आणि नाण्यांपासून सुरुवात केली.