कोणी मागितली तरी

छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमच्या सायकल कंपनीचा कागदही नागपूरऐवजी मुंबईहून येऊ लागला. कंपनी परदेशी, माल उत्तम. पांढरकवड्यात तिची एजन्सी माझ्याकडे होती. आधी नागपूरहून हिंदी पाट्या यायच्या. आता जाहिरातीची ओळ मराठीत आली, सोबत हुकूम : हैदराबाद रस्त्यावरच्या अकरा भिंतींवर हीच रंगवा, अक्षर बदलू नका.

ओळ अशी होती : ‘वडिलांच्या पश्चात मुलाच्या हाती येणारी सायकल.’

मूळ इंग्रजी ओळ मी वाचली होती. ती चांगली होती. बाप मुलाला ठेवून जाईल इतकी टिकाऊ, एवढाच तिचा अर्थ. तरी मराठी वाचून मी थबकलो. पण हुकूम तो हुकूम, म्हणून पहिली भिंत रंगवून घेतली, नेमकी माझ्याच दुकानाची.

तिसऱ्या दिवशी केळापूरकडचे एक पाटील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आले. सायकल पसंत पडली, घंटी वाजवून झाली. मुलाने बाहेर जाऊन भिंत मोठ्याने वाचली. पाटलांनी हँडलवरचा हात काढला.

“काहून भाऊ, तुमची कंपनी माह्या मरणाची वाट पाहून राह्यली काय?”

“तसं नाही पाटील, टिकाऊ आहे असं म्हणायचं आहे.”

“मंग तसं लिहा ना. मले कायले मधात मारता?”

मुलगा हसला, पाटील हसले नाहीत. आमच्याकडे माणूस गेला की त्याची छत्री, वहाणा, अंथरूण तेरवीला देऊन टाकतात. त्याच्या रोजच्या वापरातली वस्तू घरात ठेवायला लोक कचरतात. अशा ठिकाणी ‘पश्चात’ हा शब्द सायकलीवर बसवून ती विकायची होती. पाटील रिकाम्या हाताने परतले.

मी पेंटर मियाँना उरलेल्या दहा भिंती थांबवायला सांगितल्या. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे, तालुक्यातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या.

“कंपनी एजन्सी काढून घेईन, भाऊ,” ते म्हणाले.

“घेऊ द्या.”

म्हणालो खरा, पण दुकानात दुसरा धंदा नव्हता आणि घरी सहा माणसे होती.

पुढचे दोन बाजार मी गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारला : सायकल मजबूत आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? सत्तावीस जणांना विचारले. टिकायची वर्षे चौघांनी सांगितली. एकोणीस जणांनी या ना त्या शब्दांत एकच सांगितले, की गावात सायकल एकाची असते आणि चालवतात सगळे. कोणी दुधाचे कॅन लादतो, कोणी कापसाचे बोचके. मागितली की नाही म्हणता येत नाही, आणि परत येईपर्यंत जीव वर-खाली होतो. उरलेले चौघे म्हणाले, विचार करून सांगतो.

मी लिहिले : ‘कोणालाही द्या, जशीच्या तशी परत येईल.’ मियाँना आवडले. मला रात्रभर खटकत राहिले. उद्या कोणी वाकडी रिम घेऊन आला आणि भिंतीकडे बोट दाखवले, तर? सकाळी खोडून लिहिले : ‘कोणी मागितली तरी खुशाल द्या.’ पाच शब्द, चालत्या ट्रकमधून वाचून होतात.

पुढच्या आठवड्यात मुंबईचे इन्स्पेक्टर आले. एक भिंत कंपनीच्या ओळीची आणि दहा कोऱ्या पाहून त्यांनी डायरी उघडली. मी माझी ओळ त्यांच्यापुढे ठेवली.

“अहो, एका सायकलीवर सगळं गाव भागवायला सांगता? मग दुसरी कोण घेईल?”

“जो मागून नेतो तोच घेईल, साहेब. चालवून पाहिल्याशिवाय इथे कोणी पैसा काढत नाही.”

“आणि बाप-मुलगा कुठे गेले? मूळ ओळीत वारसा आहे.”

“मूळ ओळीत दुसऱ्याच्या हाती देण्याचा भरवसा आहे. तो मी ठेवला. फक्त मरण काढलं.”

“परदेशातल्या हेड ऑफिसला हे कसं पटवू?”

“माझ्या ओळीचं शब्दाला शब्द इंग्रजी करून पाठवतो. तुमच्या ओळीचंही तसंच करतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचू द्या.”

“एजन्सीचा विचार करावा लागेल,” ते म्हणाले.

“करा. ती ओळ मी दुसऱ्यांदा रंगवणार नाही.”

हायस्कूलच्या हेडमास्तरांकडून दोन्ही ओळींचे इंग्रजी करून घेतले, सत्तावीस जणांची उत्तरे जोडली आणि रजिस्टर टपालाने पाठवले. सात आठवडे उत्तर नव्हते, मालही नव्हता. मियाँ रोज चहाला येऊन विचारत, “आला का फाशीचा कागद?”

शेवटी कागद आला. प्रयोग म्हणून, फक्त आमच्या तालुक्यापुरती परवानगी. खाली अट होती : कंपनीने कळवताच एजंटाने ही ओळ पुसून कंपनीची रंगवावी, मान्य असल्यास सही करावी.

मियाँ म्हणाले, “करून टाका सही.”

मी केली. पण अटीवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिले : पुसायची झाल्यास कंपनीने आपला माणूस पाठवावा, मी पुसणार नाही. पाकीट टपालात टाकले आणि परत येऊन दुकानाच्या भिंतीवरच्या कंपनीच्या ओळीवर आधी चुना मारायला सांगितला.