मी लिहिलेलं साहेबांचं उत्तर

सिल्वासात गलोंड्याच्या बाजूला आमचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना होता. मी तिथे डायरेक्टर साहेबांचा एक्झिक्युटिव्ह असिस्टंट होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीत ई-मेल आला. संगणक माझ्या टेबलावर होता, त्यामुळे साहेबांचा पत्ताही माझ्याच टेबलावर होता म्हणायचा. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मी मोडेम लावायचो. कधी लागायचा, कधी नाही. आलेले मेल छापून फोल्डरमध्ये ठेवायचो. साहेब समासात हिरव्या शाईने एखाद-दुसरा शब्द लिहायचे: ‘नको’, ‘पुढच्या महिन्यात’, ‘कारण विचार’. त्यावरून मी उत्तराचा मसुदा करायचो, ते काटछाट करायचे, मग मी पाठवायचो.

काटलेले मसुदे मी फेकले नाहीत. एका फायलीत लावत गेलो आणि त्यावरून शिकलो. साहेब इंग्रजीत लिहीत, पण तेही मोजकंच. आतल्या माणसांना ‘डियर’ नाही, नुसतं नाव. ‘कृपया’ दिसलं की खोडायचे. वाक्य सात-आठ शब्दांपुढे गेलं की त्याचे दोन तुकडे. काम आधी, बाकी सगळं नंतर. शेवटी फक्त आद्याक्षरं. वर्षभरात माझ्या मसुद्यांवर हिरवी शाई दिसेनाशी झाली. एकदा साहेब म्हणाले, “रोजचं उत्तर तू देऊन टाकत जा. मला नुसती कॉपी दाखव.” ते मुंबईत वाढलेले गुजराती, मराठी छान बोलायचे. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला हे दोनदा सांगितलं.

त्या वर्षी साहेब यंत्रांच्या प्रदर्शनासाठी जर्मनीला गेले होते. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथून फोन करायचे. मी दिवसभराचे मेल वाचून दाखवायचो, ते उत्तरं सांगायचे.

“आज साहेब कोण, तुम्हीच ना?” टेलिफोन ऑपरेटर बाई मला म्हणायच्या. “मग माझी शनिवारची रजा मंजूर करून टाका.”

“अर्ज द्या. विचार करतो,” मी म्हणायचो. आम्ही दोघंही हसायचो.

एका बुधवारी भिलवाड्याहून मेल आला. आमचा एक इंजिनियर तिथल्या गिरणीत ट्रायलवर होता. आमच्या धाग्याचं कापड रंगवलं की पट्टे पडतात अशी तक्रार होती, आणि नवीन धाग्याचं कापड रंगून निघेपर्यंत त्याने थांबायचं होतं. तो खानदेशातला, जळगावकडचा. सकाळी त्याने फोनही केला होता. ऑपरेटर बाईंनी साहेब परदेशात आहेत, मेल कर, असं सांगितलं होतं. मेलमध्ये त्याने लिहिलं होतं की वडिलांना दवाखान्यात ठेवलंय, तब्येत बरी नाही, ट्रायलला अजून चार दिवस लागतील, निघू का?

साहेबांचा फोन यायला सात तास होते. मी थांबू शकत होतो. थांबावं असं मनातही आलं नाही. हे उत्तर मला येत होतं. दहा मिनिटांत लिहून पाठवलं. मराठीत सांगायचं तर असं: ‘आधी ट्रायल. कापड रंगून निघालं की लगेच नीघ. घरी रोज फोन कर. खर्च कंपनीचा.’ खाली साहेबांची आद्याक्षरं. फोनचं वाक्य लिहिल्यावर मला बरं वाटलं होतं. साहेबांनी अगदी असंच लिहिलं असतं, असं वाटलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी सात मेल वाचले. शेवटी म्हणालो, “भिलवाड्याची ट्रायल चालू आहे, सर.”

“हं,” ते म्हणाले.

वडिलांचं मी बोललो नाही. उत्तर देऊन झालं होतं, म्हणून यादीतून ते गेलं होतं.

शनिवारी सकाळी त्याचे वडील गेले. तो रविवारी घरी पोचला. अग्नी धाकट्या भावाने दिला होता.

पंधरा-सोळा दिवसांनी तो कारखान्यात आला. डोकं भादरलेलं होतं. साहेब परत आले होते. त्याने राजीनामा टेबलावर ठेवला. मी फोल्डर घेऊन बाजूला उभा होतो.

“मला फोन का नाही केलास?” साहेबांनी विचारलं.

“केला होता सर. तुम्ही जर्मनीला होतात. मग मेल केला. तुमचं उत्तर आलं.” त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून पुढे ठेवला. गिरणीच्या ऑफिसात छापून घेतला होता.

साहेबांनी तो वाचला. मग परत वाचला.

“भाऊ मला म्हणत होता, तू निघून ये, साहेबांचं काय ऐकतोस,” तो म्हणाला. “पण मागच्या वर्षी आईच्या वेळी मी न विचारता तुम्ही तुमची गाडी दिली होती, वापी स्टेशनपर्यंत. खिशात पैसेपण घातले होते. असा माणूस थांब म्हणतोय, म्हणजे काम तसंच अडलं असेल, असं मी समजलो.”

गाडीचं मला ठाऊक नव्हतं. ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. नंतर मी विचारत गेलो तेव्हा कळलं, अशा गोष्टी साहेब तोंडीच करायचे, मशिनजवळ उभ्या उभ्या, नाहीतर फोनवर. हो म्हणायचं असलं की त्यांना कागद लागत नसे. कागदावर यायचं ते ‘नको’, ‘नंतर’, ‘आधी काम’. मी दीड वर्ष फक्त तेवढंच वाचलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “हा मेल कधी गेला?”

“बुधवारी, सर,” मी म्हणालो.

त्यात खोटं काही नव्हतं. ते आणखी काही विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं नाही. कागदाची घडी घालून त्याला परत दिली आणि म्हणाले, “मी असं सांगायला नको होतं. माझी चूक झाली. मला माफ कर.”

तो म्हणाला, “जाऊ द्या सर.” राजीनामा मात्र त्याने मागे घेतला नाही. दारापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. तिथे तो मला म्हणाला, “भाऊ, तुम्ही मेल लगेच पोचवला, आभार.” मी मान हलवली. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. परत येऊन मी चारचा मोडेम लावला.

सांगायचं मी रोज ठरवत होतो. आधी आठवडाभर, मग महिनाभर. मग सांगण्यात अर्थ उरला नाही असं ठरवलं, तेही मीच.

मी तिथे आणखी सहा वर्षं होतो. साहेबांनी माझं काम कमी केलं नाही, उलट वाढवलं. फक्त एक बदल झाला. फोल्डरमधली एखादी कॉपी हातात घेऊन ते मधेच थांबायचे. चष्मा वर करून मला विचारायचे, “हे मीच सांगितलं होतं ना?”

कधी त्यांनी सांगितलेलं असायचं, कधी नसायचं.

“हो सर,” मी म्हणायचो. ते पान उलटायचे.