वीस टक्क्यांची धास्ती

मुळात कुणी आपणहून माझ्या भल्याचं सांगायला आलं की मला आधी संशय येतो. त्यात ते पांढरकवड्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातलं माणूस असेल, तर दुप्पट.

मार्चमध्ये मला पर्यवेक्षकपदाचं पत्र मिळालं. एप्रिलपासून रुजू व्हायचं, पगारात महिना पाच हजारांची वाढ. नको असेल तर आठ दिवसांत लेखी नकार द्यायचा, आणि एकदा दिलेला नकार मागे घेता येत नाही. पत्र पर्समध्ये जाऊन तास झाला नसेल, तोच गणिताचे सर शेजारी येऊन बसले. ते माझ्याहून ज्येष्ठ. पाच वर्षांपूर्वी हेच पद त्यांनी नाकारलं होतं आणि आता जूनमध्ये निवृत्त होणार होते.

"मॅडम, घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "तुमचं करपात्र उत्पन्न पंधरा लाख सत्तर हजार. साठ हजार वाढले का सोळाच्या वर जाता. पंधरा टक्क्यांचे वीस टक्के होतात. सोळा लाख तीस हजारावर वीस टक्के म्हंजे सव्वातीन लाख! आता पंधरानं दोन लाख पस्तीस बसते. वाढ साठची अन् कर नव्वदचा. मी कायले नाही म्हटलं असन तवा?"

आकडे घडाघडा बोलणाऱ्या माणसाचं मला भय वाटतं. पण खरं सांगते, मी घाबरले. धाकटीच्या होस्टेलची फी मी त्या पाच हजारांच्या भरवशावर ठरवली होती. घरी येऊन नकाराचा मजकूर लिहूनही ठेवला. मग मनात किडा वळवळला: मी नाकारलं तर पद कुणाकडे जाणार? ज्येष्ठता यादीत वर तर हेच! जुना नकार वरून कुणाकडून तरी रद्द करून घेतला असेल. शेवटच्या पगारावर पेन्शन निघते, आणि म्हणूनच यांना अचानक माझी काळजी. कुठेतरी पाणी मुरत होतं खास. पुढचे सहा दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. चहा दिला तरी घेतला नाही.

सातव्या दिवशी कार्यालयात गेले. पगाराचं काम बघणारे बाबू म्हणजे तोंडातून शब्द काढायलाही अर्ज मागणारे. तेही कुणाला सामील असतील, असं धरूनच मी बोलले.

त्यांनी माझी पगारपावती पुढे सरकवली. "मॅडम, दर महिन्याले तुमचा कर किती कापून राह्यलो मी?"

"दहा हजार दहा."

"बारा महिन्याचे एक लाख वीस हजार झाले. साऱ्या पगारावर पंधरा टक्के असते तं दोन लाख पस्तीस नसते कापले?"

वर्षभर पावतीवर सह्या करत होते आणि हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"पहिल्या चार लाखावर काहीच नाही," बाबू बोटांवर मोजत म्हणाले. "मंग चार लाखावर पाच टक्के, पुढच्या चारवर दहा, त्याच्या पुढच्या चारवर पंधरा. सोळाच्या वर जे जाईल, तेवढ्यावरच वीस. तुमचे तीस हजार वर जातात. त्याचे सहा हजार. सोळाच्या आतल्या तीसचे साडेचार. साडेदहा हजार, त्यावर चार टक्के सेस. वर्षाले दहा हजार नऊशे वीस वाढते. महिन्याले नऊशे दहा."

"आणि वीस टक्के?"

"ते वरच्या तुकड्याचे. सारं मिळून पाह्यलं तं आता शंभराले साडेसात-पावणेआठ रुपये जातात, मंग आठ जातीन."

मला पटेना. स्टाफरूममध्ये येऊन दोनदा मांडून पाहिलं. दोन्ही वेळा महिन्याचे चार हजार नव्वद माझ्याच हातात उरत होते. मग मात्र अंगात संताप शिरला. कागद घेऊन थेट सरांपुढे आपटला. "कुणासाठी चाललं होतं हे, सर?"

त्यांनी चष्मा लावला. शिकवायच्या सवयीने पेन्सिल एकेका ओळीवर टेकवत खाली आले आणि तळाशी थांबले. पुन्हा वर गेले. चेहऱ्यावर पकडलं गेल्याची खूण मी शोधत होते. ती नव्हती.

"तवा दहा लाखाची हद्द होती," ते म्हणाले. "वीसचे तीस होत होते. मले वाटलं, साऱ्यावरच तीस. लेकरायले टक्केवारी शिकवतो मी, मॅडम."

ते उठून कार्यालयात गेले. मी मागोमाग. "बाबू, मी नकार देल्ला तवा हे काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंच नाही, सर. पत्र देल्लं, मी आवक रजिस्टरात चढवलं."

सहा दिवस ज्या माणसाला मी मनातल्या मनात लबाड ठरवलं होतं, तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. माझी मलाच लाज वाटली. मी शेजारी बसून माफी मागणार, तेवढ्यात तेच आजूबाजूला पाहून म्हणाले, "माझ्या घरी बोलू नका, मॅडम. बायको तवा घ्या म्हनत होती. तुले हिशोबातलं काय समजते, असं म्हटलं होतं मी तिले."