शेऱ्याखालची सही

न्हावा शेव्याच्या बंदरावर जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करता करता मी निवृत्त झालो, पण जर्मनीतली भाची काही मला निवृत्त होऊ देत नाही. तिचं ऑफिस इंग्रजीत चालतं, जर्मन तिला वाचता येत नाही. लेकीच्या शाळेच्या डायरीत छापील काही असलं तर तिचा फोनच ते वाचतो. बाईंचं गिचमिड हस्ताक्षर माझ्या वाट्याला येतं.

त्या दिवशी मुरुडच्या घरी अंगणात सुपारी सोलत होतो. डायरीचा फोटो आला आणि पाठोपाठ भाचीचा फोन.

"मामा, पटकन सांग. शाळेची वेळ झालीय."

मी कंटाळून चष्मा शोधला. "व्यायामाचे बूट तिसऱ्यांदा आणले नाहीत. पालकांनी सही करावी." मग तडकलोच. "आधीच्या दोन शेऱ्यांवर न वाचताच सह्या ठोकल्यास ना? विचारायचंस तरी!"

"कुठले दोन? मी डायरी आजच बघतेय."

"मग त्यांच्याखाली मराठीत तुझी सही कुणाची?"

ती सही मराठीतच करते. मी फोटो मोठा करून पाहिला. शिरोरेषा पट्टी लावून ओढली होती.

पोरगी आठ वर्षांची. दोन वर्षं दर रविवारी मी तिला व्हिडिओ कॉलवर अक्षरं गिरवायला लावतोय, पण अजून ती स्वतःचं नावसुद्धा लिहून दाखवत नाही. आईचं मात्र काना-मात्रेचीही चूक न करता लिहिलं होतं, दोनदा.