रापणीला मालक नसतो, साहेब

आमच्या वाडीत टायपिंगची परीक्षा पास झालेली मी एकटीच. त्यामुळे सगळ्या वाडीचे अर्ज माझ्या गळ्यात. त्या वर्षी मात्र अर्ज होता थेट जिल्ह्याच्या साहेबांना. किनाऱ्यावर सुरूची झाडं लावायचं सरकारनं ठरवलं होतं, आणि खड्ड्यांच्या खुणा नेमक्या आमच्या रापणीच्या, म्हणजे सगळी वाडी मिळून किनाऱ्यावरून ओढते त्या मोठ्या जाळ्याच्या, खोपीभोवती पडल्या होत्या. जाळं ठेवायचं ते तिथं, सुकवायचं ते तिथं. ती जागा मिळावी म्हणून केलेला अर्ज कचेरीत कधीचा पडून होता. पुढच्या पावसात झाडं लागली की रापण संपलीच म्हणायची.

साहेब दक्षिणेकडचे, नवीन. मराठी अजून अडखळत. म्हणून पत्र दोन्ही भाषांत करायचं ठरलं. मराठीत ‘प्रलंबित प्रकरणी भेटीची वेळ मिळणेबाबत’, इंग्रजीत ‘रिक्वेस्ट फॉर अपॉइंटमेंट रिगार्डिंग पेंडिंग फाइल’. खाली सही कोणाची, म्हणून विचारलं, तर बाबा माझ्यावरच खेकसले.

“सगळ्यांची घाल गो! रापण एकट्याची खंय आसता?”

घातली बाई! सह्या थोड्या, अंगठेच जास्त. दोन्ही कागद शाईनं नुसते बरबटले.

उत्तर आलं. तारीख, वेळ, आणि ‘फक्त दोन प्रतिनिधींनी यावे’. आता दोघं कोण? इथं कोणी कोणाचा पुढारी नाही. रात्रभर वाद घालून शेवटी बाबा आणि शेजारचे काका ठरले. बाबांनी ठेवणीतला सदरा काढला, मी त्याला इस्त्री केली.

आणि त्या दिवशी फटफटताच किनाऱ्यावरून आरोळी आली. बांगडा लागला! बाबांनी सदरा खुंटीला टांगला आणि लंगोटीवर धावत सुटले, मागोमाग काकाही.

“बाबा, साहेब वाट बघतील!” मी मागून ओरडले.

“साहेब उद्याय गावतलो, बांगडो गावचो नाय!”

असा संताप आला म्हणून सांगू! एवढी मरमर करून मिळालेली वेळ, आणि ह्यांना मासा मोठा. ओढायला एकेक हात लागतो हे मलाही कळत होतं, पण जागाच गेली तर पुढच्या वर्षी ओढणार काय, कपाळ?

तेवढ्यात पलीकडच्या घरातली काकी लुगडं सावरत आली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. “माका आता ओढूक जमना नाय,” म्हणाली. “चल, मी येतंय.”

कसालला गाडी बदलून आम्ही कचेरीत पोचलो. आमच्या भेटीसाठी फाइल आधीच साहेबांच्या टेबलावर गेली होती. त्यांनी अंगठ्यांचं पत्र वर काढलं, आमच्या दोघींकडे बघितलं.

“बाकी लोक?”

“रापण लागली साहेब. सगळे ओढतायत.”

ते हसले नाहीत. फाइलीतला एक शेरा दाखवून इंग्रजीत म्हणाले, इथं अडलंय. जमीन द्यायची तर अर्जदाराचं नाव लागतं. ह्या रापणीचा मालक कोण?

“मालक नसतो,” मी म्हटलं.

त्यांना ते पटलेलं दिसेना. मग काकीच बोलली, आणि मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले.

“माझो घोव गेलो. माझ्यान ओढूक होना नाय. तरी दर खेपेक माझो वाटो माझ्या दारात येता. मालक आसतो तर त्येनी तो कदीच बंद केलो आसतो.”

साहेबांनी तो शेरा पुन्हा वाचला. मग जमिनीचं काम बघणाऱ्या कारकुनाला बोलावून म्हणाले, ही जागा कोणाच्या नावावर द्यायचीच नाही. गावाच्या सामाईक उपयोगासाठी राखून ठेवायचा प्रस्ताव करा. तहसीलदारांचा अहवाल मागवा, आणि तोवर तेवढ्या पट्ट्यात लागवड नको. तिथंच फाइलीवर लिहून सही केली.

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. रापण वर येऊन वाटे झाले होते, माणसं घरी गेली होती. खोपीजवळ बाबा तेवढे बसून होते, समोर बांगड्यांचे दोन वाटे. एक काकीचा. तो नेहमीचाच.

“हा दुसरा कोणाचा?” मी घुश्शातच विचारलं. बायामाणसांत नवऱ्यामागे वाटा मिळालेल्या होत्या, पण लग्न न झालेल्या पोरीचा वाटा आमच्या वाडीत तोवर कोणी घातला नव्हता.

“तुजो,” बाबा म्हणाले. “आमी हंय ओढली, तुमी थंय.”

फाइलीचं काय झालं ते अजून त्यांनी विचारलंही नव्हतं. मी सांगायला गेले, आणि मला रडूच फुटलं.