मधला खडकाळ नंबर

मंजुळाबाईला भाऊ दोन, पण त्या दोघांचं बोलणं व्हायचं ते तिच्याच तोंडून. कुरुळीचा थोरला सयाजी आणि धाकटा ज्योतीराम बापाच्या तेराव्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. भर पंगतीत सयाजी म्हणाला होता, की ज्योतीरामची म्हैस तिरळी आहे. एवढंच. म्हैस होतीही जराशी तिरळी, पण ती गोष्ट अख्ख्या भावकीसमोर काढायची नव्हती.

त्यातून गोष्ट जमिनीवर गेली. नऊ एकर रान, दोघांनाही वेगळं हवं. दोघांनीही पुण्यात वकील बघून ठेवले. हे कळल्यावर मंजुळाबाई पिंपळे गुरवहून माहेरी आली, चार दिवस दोन्ही घरांत आळीपाळीने जेवली, आणि शेवटी तिने दोघांना खेडच्या कचेरीबाहेर अकबरभाईंच्या पुढ्यात आणून बसवलं. अकबरभाई लोकांचे दस्त लिहायचे. आधी कच्चा मसुदा, तो सगळ्यांना मान्य झाला की मुद्रांकावर पक्का, आणि मग आत जाऊन नोंदणी.

भाऊ एकाच सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसले. मधे मंजुळाबाई.

"त्येला सांगा," सयाजी म्हणाला, "खालचं चार एकर माझं, वरचं चार त्याचं. मधला नंबर निम्मा निम्मा."

"त्येला सांगा, कबूल," ज्योतीराम म्हणाला.

दोघं हातभर अंतरावर होते, तरी अकबरभाईंनी दोन्ही निरोप इमानाने इकडून तिकडे पोचवले आणि लिहून काढले. एवढ्या लवकर मिटलं म्हणून मंजुळाबाईने पानाची चंची उघडली. तेवढ्यात अकबरभाईंनी मसुदा वाचायला घेतला.

"सयाजीकडील मिळकतीची चतुःसीमा. पूर्वेस ज्योतीराम यांची जमीन..."

"थांबा," सयाजी म्हणाला. "माझ्या कागदावर त्येचं नाव नगं."

"बांधाला जो लागून, त्याचं नाव लिहावंच लागतं."

"माझ्या पश्चिमेला बी ह्येचं नाव नगं," ज्योतीराम म्हणाला. "नुसतं 'एक इसम' लिवा."

"इसम तरी कशाला?" सयाजी म्हणाला. "'पूर्वेस काही न्हाई' असं लिवा."

अकबरभाईंनी बोरू खाली ठेवला. "पूर्वेस काही नाही म्हणजे जग तिथं संपलं असं होईल, सयाजीराव. सबरजिस्ट्रार मला विचारतील." मग त्यांनी कपाळ पुसलं. "तो मधला सर्व्हे नंबर केवढा आहे?"

"एकरभर. समदा खडक."

"मग तो निम्मा होणारच नाही. एवढे बारीक तुकडे करायला कायद्याने बंदी आहे. तलाठी फेरफाराला हात लावणार नाही."

दोघांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. पूर्ण नंबर एकाने घ्यायचा म्हटलं, तर दुसऱ्याला पुन्हा वकिलाकडे जावं लागणार, हे मंजुळाबाईला न विचारता कळलं. तिने पान तसंच हातात धरलं.

"आनि अकबरभाई, माझं काय लिवलंय?"

"हक्कसोड. भाऊ म्हणाले, बहीण सोडते."

तीही तसंच धरून आली होती. बहिणी सोडतात. पण कुणी विचारलं नाही, याचं आत्ता तिला वाईट वाटलं. "आन न सोडलं तर?"

"आई आधीच गेली. वडील गेले ते नव्या वारसा कायद्यानंतर," अकबरभाई बोटांवर मोजत म्हणाले. "म्हणून आधी वडील आणि दोन मुलं असे तीन भाग धरायचे. वडिलांच्या भागात तुम्ही तिघं सारखे. म्हणजे नऊ एकरांतलं तुमचं एक."

मंजुळाबाईने हिशेब पुन्हा मनात केला, मग पान तोंडात टाकलं.

"मंग मधला नंबर माझा. तुमाला चार-चार. दादाच्या पूर्वेस मी, ज्योतीच्या पश्चिमेस मी. हाय का कुनाचं नाव कुनाला लागलेलं?"

सयाजीने मान न वळवता अकबरभाईंना सांगितलं, "त्येला विचारा, चालतंय का."

"त्येला सांगा, चालतंय," ज्योतीराम म्हणाला. "पर तिथं पिकनार काय, अक्का?"

"काय बी न्हाई. आजवर माहेरी आले की आधी कुनाच्या दारात जायचं, त्याचंच भांडान. आता माझ्या खडकावर बसेन. ज्येला माया आसंल, त्यो च्या घिऊन यील."

पक्का दस्त झाला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, तिघांनी अंगठे दिले. आत सबरजिस्ट्रारने विचारलं, वाटप राजीखुशीने झालं का. दोघा भावांनी वेगवेगळ्या भिंतींकडे बघत "व्हय" म्हटलं.

पुढे तलाठ्याने नोटिसा काढल्या, कुणाची हरकत आली नाही, फेरफार मंजूर झाला. संक्रांतीला मंजुळाबाई खडकावर जाऊन बसली. खालून सयाजी तांब्या घेऊन आला, वरून ज्योतीराम किटली. दोन्ही चहा तिने प्यायले. संध्याकाळी जळजळ झाली, तरी परत निघताना ती दोघांनाही चहा गोड होता असंच सांगून आली.