तफावतीचा रकाना

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणमध्ये एका शिक्षणसंस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथं मी मूल्यमापनाचं काम करायचे. संस्था पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावांत सकाळची अभ्यासकेंद्रं चालवायची. शाळेत नाव असूनही वाचता न येणारी मुलं शाळेआधी दोन तास तिथं बसत. मी बी.कॉम. होते, आकड्यांची भीती नव्हती, एवढ्या भांडवलावर मला घेतलं होतं. माझं काम नेमकं काय, ते घरी कुणाला नीट कळायचं नाही. आई शेजारणींना सांगायची, "ती मुलांचे मार्क तपासते." नवरा रोह्याच्या कंपनीत होता. तो म्हणायचा, "आमच्याकडे माल तपासायला माणूस असतो ना, तशी ही." त्याचं आईपेक्षा बरंच बरोबर होतं.

संस्था एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं सुरू केली होती. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. मुंबईच्या एका देणगीदार संस्थेनं आमच्या केंद्रांना तीन वर्षांची मदत दिली होती. पहिलं वर्ष संपताना आम्ही त्यांना अहवाल द्यायचा होता, आणि त्याचा नमुना त्यांनीच पाठवला होता. आडवा मोठा तक्ता. पहिल्या रकान्यात निर्देशक, मग ठरवलेलं उद्दिष्ट, मग प्रत्यक्ष साध्य, मग तफावत आणि शेवटी तफावतीची कारणं. निर्देशक म्हणजे काय मोजायचं ते: किती मुलांची नावं केंद्रात घातली, रोजची हजेरी किती, वर्षाच्या शेवटी किती मुलं वाचायला लागली, किती मुलांनी शाळा सोडली. हा अहवाल लिहायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं. तोवर मी इतकं मोठं काही लिहिलं नव्हतं. मी खूश होते.

पहिले रकाने भराभर भरले. नावं उद्दिष्टापेक्षा जास्त. हजेरी थोडी कमी, पण पावसाळ्यात ओढे भरले की मुलं येत नाहीत, कारण सरळ होतं. सगळ्यांत महत्त्वाचा निर्देशक वाचनाचा. प्रकल्पाच्या प्रस्तावात बाईंनीच लिहिलं होतं: केंद्रात नाव घातलेल्या दर चार मुलांतली तीन वर्षाअखेर दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद न अडखळता वाचतील. चाचणी वर्षातून तीनदा घ्यायची, जूनमध्ये, दिवाळीआधी आणि मार्चमध्ये. चार कार्डं असायची: अक्षरं, शब्द, वाक्यं आणि परिच्छेद. मूल जिथवर पोचलं ती त्याची पायरी.

मार्चच्या चाचण्यांचे कागद आले आणि मी गणकयंत्र घेऊन बसले. बेरीज केली, भागाकार केला. चारांतली तीन, वर थोडी शिल्लकच! बाई शेजारच्या टेबलावरून म्हणाल्या, "झालं ना? आता टाइपिंगला दे."

मी देणारच होते. पण तक्ता गावांप्रमाणे लावताना एक गोष्ट नजरेत आली. रोह्याच्या बाजूला, खांब गावाच्या आसपासच्या भातशेतीच्या गावांत, जेवढ्या मुलांची नावं जवळपास तेवढीच चाचणीला बसली होती. वडखळच्या पुढं खाडीकडच्या गावांत मात्र चाचणीला बसलेली मुलं फार कमी. मी भागाकार केला होता तो चाचणीला आलेल्या मुलांच्या संख्येनं. प्रस्ताव म्हणत होता, नाव घातलेल्या मुलांच्या.

मी बाईंना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तक्ता बराच वेळ पाहिला.

"मग काय करायचं?" त्या म्हणाल्या. "जी मुलं आलीच नाहीत त्यांना नापास धरायचं? एखाद्या पोराला छान वाचता येत असेल आणि त्या दिवशी ते आजारी असेल."

"नापास धरायचं नाही, पण न तपासता पासही धरता येत नाही ना, बाई. आत्ता आपण तेच धरलंय. आलेल्यांसारखीच न आलेलीही वाचतात, असं."

"मार्चमध्ये खाडीवरची माणसं मिठागरावर असतात गं. मुलं घेऊनच जातात. आपण काय करणार त्याला?"

"मिठागरं कुठं लांब आहेत?" मी म्हटलं. "मी जाते आणि तिथं चाचणी घेते."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला नव्हता, पण त्यांची काळजी मला कळत होती. पहिल्याच वर्षी उद्दिष्ट चुकलं असं लिहून दिलं तर पुढची दोन वर्षं मिळतील की नाही, हा प्रश्न होता. केंद्रांवर शिकवणाऱ्या मुलींचं काम त्यावर अवलंबून होतं, आणि माझंही. शेवटी त्या म्हणाल्या, "जा. पण पोरांना आधी शिकवून मग तपासू नकोस."

खाडीकडच्या एका केंद्राची शिक्षिका माझ्यासोबत आली. ती त्याच गावची सून, अंगानं बारीक, आवाजानं मोठी. तिच्या केंद्रातल्या मुलांची चाचणी मी घेणार आणि ती बाजूला उभी राहणार, असं ठरवलं होतं, कारण आपल्या विद्यार्थ्यांना नकळत खूण केली जाते. मिठागरावर ऊन डोळ्यांत घुसत होतं. बायका-पुरुष वाफ्यांतून मीठ ओढत होते, बांधावर पांढरे ढीग लागले होते. झोपड्यांच्या सावलीत लहानग्यांना सांभाळत आमची मुलं बसली होती.

"काय गो, परीक्षा हितंपन आली?" एका बाईनं हातातलं काम न थांबवता विचारलं.

"तुमची पोर दिसली नाय, म्हनून आलो," शिक्षिका ओरडली.

"नाय दिसनार! हिला सोडून आली तर या बारक्याला कोन बगल?"

ती पोर नऊ-दहा वर्षांची, कडेवर भाऊ. मी पोत्यावर बसले, कार्डं काढली. शब्द तिनं वाचले, वाक्यावर अडखळली. पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली, मधेच थांबली आणि शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिकेनं मान दुसरीकडे वळवली. तिला किती जड गेलं असेल, ते मला दिसत होतं. दिवाळीआधी याच मुलीनं परिच्छेद घडाघडा वाचला होता, तो निकाल माझ्याकडे होता.

"मला येतं व्हतं," मुलगी हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. याहून जास्त काही बोलायची मुभा मी स्वतःला दिली नाही.

तिच्या शेजारच्या झोपडीतल्या मुलानं मात्र परिच्छेद एका दमात वाचला आणि वर विचारलं, "अजून हाय का?" त्याचा थोरला भाऊ कोलाडला शिकत होता, त्याची पुस्तकं या धाकट्यानं मिठागरावर आणली होती.

अशा सकाळी आम्ही एकेका मिठागरावर फिरलो. काही मुलं नाहीच भेटली, त्यांची कुटुंबं आणखी लांब गेली होती. पण बहुतेक भेटली. ऑफिसात येऊन मी नवा हिशोब मांडला. सगळी केंद्रं मिळून तपासलेल्या दर तीन मुलांतली दोन वाचत होती. उद्दिष्ट चुकलं होतं. आणि खाडीकडची गावं वेगळी काढली, तर तिथं निम्मीसुद्धा नव्हती. रोह्याच्या गावांचं चांगलं काम या गावांवर पांघरुणासारखं पसरलं होतं.

अहवाल मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. साध्याच्या रकान्यात रोह्याची आणि खाडीची बाजू वेगवेगळी दाखवली. नाव घातलेली किती, तपासलेली किती, न भेटलेली किती, हे स्वतंत्र लिहिलं. न भेटलेल्यांना पास-नापास काहीच धरलं नाही. मिठागरावरची चाचणी उशिरा आणि उघड्यावर घेतली, तेव्हा तिची तुलना मार्चच्या चाचणीशी जपून करावी, हेही लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'पालकांचे स्थलांतर' एवढे दोन शब्द लिहून सोडून देता आलं असतं. मी तिन्ही चाचण्या शेजारी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंच्या रेघा काढल्या. जून ते दिवाळी खाडीकडची मुलं रोह्याच्या मुलांच्या बरोबरीनं वर चढली होती. त्यानंतर, मिठाचा हंगाम सुरू झाल्यावर, तिथली रेघ खाली आली होती. म्हणजे शिकवणं कमी पडलं नव्हतं, शिकवणं मुलांबरोबर मिठागरावर गेलं नव्हतं. खाली शिफारस लिहिली: मिठाच्या हंगामात केंद्र बांधावर न्यावं, आणि लहान भावंडांनाही तिथं बसू द्यावं.

बाईंनी मसुदा घरी नेला. सकाळी आल्या तेव्हा समासात पेन्सिलीनं खुणा होत्या. एके ठिकाणी मी 'दुर्दैवाने उद्दिष्ट गाठता आले नाही' असं लिहिलं होतं, त्यातलं 'दुर्दैवाने' त्यांनी खोडलं होतं.

"दैवाचा काय संबंध?" त्या म्हणाल्या. "कारण तू दिलंयस ना खाली?" आणि त्यांनी सही केली.

पावसाळा सुरू व्हायच्या आत देणगीदार संस्थेचे एक गृहस्थ मुंबईहून आले. शांत माणूस. अहवाल त्यांच्या हातात होता, पानोपानी दुमडलेला.

"वाचनाचे आकडे दोन भागांत का दिलेत?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तिनं लिहिलंय, तीच सांगेल," बाई म्हणाल्या.

बोलायला लागले तशी भीती गेली. भागाकार कशानं करायचा ते सांगितलं, मिठागरावरच्या सकाळी सांगितल्या, तिन्ही चाचण्यांचा तक्ता पुढं केला. ते मधेमधे खोदून विचारत होते. चाचणी कोणी घेतली? शिक्षिका कुठं होती? कार्डं तीच होती का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं. अहवाल लिहिताना तेच प्रश्न मी स्वतःला विचारले होते ना!

शेवटी त्यांनी कागद मिटले. "उद्दिष्ट चुकलं म्हणून कुणी मदत काढून घेत नाही, बाई. का चुकलं ते कुणाला ठाऊक नसलं की अवघड होतं. ते बांधावरचं केंद्र करा. पण खाडीच्या गावांचं उद्दिष्ट वेगळं लिहून द्या, आणि वर्षभरानं मला असाच तक्ता पाठवा."

ते गेल्यावर बाईंनी चहा मागवला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते ना, तर यातलं निम्मं बोलले नसते." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही.

पुढल्या हंगामात मिठागराच्या बांधावर ताडपत्री बांधली. शिक्षिका सकाळी तिथं जायची. पहिल्या आठवड्यात मुलांपेक्षा बारकी भावंडंच जास्त होती, तिचा आवाज त्यांच्या रडण्याच्याही वर चढायचा. वर्षअखेरीला खाडीकडचा आकडा वर आला. नवं उद्दिष्ट पुरतं गाठलं नाही, अगदी थोडक्यात राहिलं. तेही मी तसंच लिहिलं, कारणासकट. पण या वेळी दिवाळीनंतर रेघ खाली आली नव्हती.

त्यानंतर रोह्याला एका शाळेच्या हॉलमध्ये आसपासच्या संस्थांच्या कार्यकर्त्यांची बैठक होती. अहवाल कसा लिहावा हे मी सांगायचं असं बाईंनी परस्पर कबूल करून टाकलं होतं. समोर माझ्यापेक्षा वयानं मोठी माणसं वह्या उघडून बसली होती. नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती, तो कामावर जायच्या आधी मागच्या बाकावर येऊन बसला. मी फळ्यावर तक्ता काढला, पाच रकाने. एका गृहस्थांनी हात वर केला.

"ताई, तफावत दाखवली तर वरचे लोक रागावत नाहीत?"

"कधी रागावतातही," मी म्हटलं. "तरी तो रकाना पहिल्यांदा भरा. आपण खरं काम काय केलं, ते तिथंच लिहायला मिळतं."

मागच्या बाकावर नवरा घड्याळ बघत होता. त्याच्या बसची वेळ होऊन गेली होती आणि तो उठत नव्हता.